गोच्या डावाची अखेरची मोजणी

गेल्या सुट्टींत आमच्या शाळेचा एक विद्यार्थी गो या खेळाच्या एका लहानशा स्पर्धेंत प्रथमच खेळावयास गेला होता. परत आल्यावर त्यानें आपली वही आमच्यापुढें ठेविली व म्हणाला, "सर, मी दीड गुणानें हरलों, पण कोठें हरलों तेंच मला उमगत नाहीं." त्यानें प्रत्येक खेळी टिपून ठेविली होती, म्हणून आम्ही दोघांनीं तो डाव पुन्हां पटावर मांडला. पाहतों तों काय, डाव जवळजवळ संपेपर्यंत तो त्याच्याच हातांत होता. खेळावयाचें सर्व कांहीं खेळून झाल्यावर, केवळ मोजणीच्या तयारींत, त्यानें तो घालविला होता. जे विद्यार्थी यापुढें स्पर्धेंत उतरणार असतील त्यांना ही चूक आधींच कळावी, एवढ्यासाठीं तोच डाव पुढें ठेवून मोजणीची रीत येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

सोंगट्या कशा मांडाव्या व कशा माराव्या हें वाचकांस ठाऊक आहे असें आम्ही धरून चालतों. पटावरील रेघा जेथें एकमेकींस छेदतात त्या प्रत्येक जागेस आम्ही 'घर' म्हणूं. एखाद्या रंगाच्या जिवंत सोंगट्यांनीं जीं रिकामीं घरें पूर्णपणें वेढलेलीं असतात, तो त्या रंगाचा मुलूख होय. जपानी पद्धतींत मुलखांतील प्रत्येक घराचा एक गुण व पकडलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण मिळतो. चिनी पद्धतींत कैद्यांचा हिशेब नसतो. तेथें मुलखाबरोबर पटावरील जिवंत सोंगट्याही मोजतात. आपण जेथें खेळावयास जाणार तेथें कोणती पद्धत आहे हें नियमपत्रांत आधींच पाहून घ्यावें. आमच्या विद्यार्थ्याची स्पर्धा जपानी पद्धतीची होती आणि हा लेखही तेवढ्यापुरताच आहे.

नवशिक्यांसाठीं असलेला हा पट नऊ रेघांचा होता. आमचा विद्यार्थी काळ्या सोंगट्यांनीं खेळत होता. डाव सरत आला तेव्हां पट पुढीलप्रमाणें दिसत होता. यांत 'क' म्हणजे काळी सोंगटी, 'प' म्हणजे पांढरी, व आडवी रेघ म्हणजे रिकामें घर. ओळी वरून खालीं आणि घरें डावीकडून उजवीकडे मोजावीं.

– – – क – प – – –
– – क क प – प – –
– – क क प प – प –
– क – क क प प क –
– प क – क प – प –
– प क – क प – – –
– क – – क – प – –
– – क – – क प – –
– – – – – क प – –

यापूर्वींच्या चकमकींत काळ्यानें ३ पांढऱ्या सोंगट्या पकडल्या होत्या व पांढऱ्यानें २ काळ्या. हे कैदी आपापल्या डब्याच्या उपड्या झांकणांत ठेवलेले होते. ही संवय प्रथमपासून लावून घ्यावी. पकडलेली सोंगटी नकळत डब्यांत गेली तर एक गुण गेला, आणि तो मागून सिद्ध करतां येत नाहीं.

आतां खेळण्याची पाळी पांढऱ्याची आहे. डावा मुलूख काळ्याचा व उजवा पांढऱ्याचा, हें उघडच दिसतें. दोन्ही मुलखांच्या सीमेवर दोन घरें रिकामीं आहेत: एक पहिल्या ओळींतील पांचवें, दुसरें सातव्या ओळींतील सहावें. त्यांच्या शेजारीं दोन्ही रंगांच्या सोंगट्या असल्यामुळें तीं कोणाच्याच मुलखांत पडत नाहींत. अशा घराला जपानी खेळाडू 'दामे' म्हणतात. आपण त्याला ओसाड घर म्हणूं. ओसाड घर भरून गुण मिळत नाहीं, म्हणून नवा खेळाडू तें निष्काळजीपणें भरतो किंवा तसेंच सोडून देतो. येथेंच पहिला खड्डा आहे.

पांढऱ्यानें सातव्या ओळींतील सहावें घर भरलें. या खेळीनें त्याला एकही गुण मिळाला नाहीं. परंतु खालच्या कडेला आठव्या व नवव्या ओळींत काळ्याच्या ज्या दोन सोंगट्या सहाव्या घरांवर आहेत, त्यांचें एक मोकळें घर बुजलें. आतां पांढरा आठव्या ओळींतील पांचव्या घरांत शिरला तर त्या दोन सोंगट्या बाकीच्या काळ्या सैन्यापासून तुटतात व त्यांना एकच मोकळें घर उरतें. काळ्यानें त्या पुढें वाढविल्या तर दोहोंच्या तीन होऊन पडतील. न वाढविल्या तर दोन तरी जातीलच. ओसाड घर रिकामें होतें तोंपर्यंत हें भय नव्हतें, कारण पांढरा आंत शिरतांच काळा त्याच ओसाड घरांत सोंगटी ठेवून सर्वांना जोडून घेऊं शकत होता. म्हणून नियम ध्यानांत ठेवावा तो हा: ओसाड घर भरलें जातांच, त्या घराला लागून असलेल्या आपल्या सोंगट्यांचीं मोकळीं घरें पुन्हां मोजावीं, आणि तुटण्याचें भय दिसलें तर स्वतःच्या मुलखांतील एक घर खर्चून ती फट बुजवावी.

आमच्या विद्यार्थ्यानें ही फट ओळखली. त्यानें आठव्या ओळींतील पांचवें घर भरलें व मुलखांतील एक गुण देऊन दोन सोंगट्या राखल्या. मग पांढऱ्यानें पहिल्या ओळींतील उरलेलें ओसाड घर भरलें. तेथें कोणासच भय नव्हतें.

ओसाड घरें भरणें हा खेळाचाच भाग आहे, खेळानंतरची आवराआवर नव्हे, हें मोठमोठ्या खेळाडूंनाही महागांत पडून शिकावें लागलें आहे. जपानांतील 'किसेइ' या किताबासाठीं २००२ सालीं झालेल्या सामन्यांत, पांचव्या डावाच्या शेवटीं ओसाड घरें भरणें चालू असतां एका खेळाडूच्या सहा सोंगट्यांना एकच मोकळें घर उरलें. डाव संपलाच आहे अशा समजुतीनें त्यानें तिकडे लक्ष दिलें नाहीं, आणि प्रतिपक्ष्यानें त्या सहाही सोंगट्या उचलल्या. तंटा पंचांपुढें गेला. त्यांनीं चित्रफीत पाहिली, आणि डाव संपल्याविषयीं दोघांची संमति झालेली नव्हती म्हणून ती खेळी ग्राह्य आहे असा निर्णय दिला. तेव्हां आपल्या मनानें डाव संपविणें धोक्याचें आहे. दोघांनीं लागोपाठ 'पास' म्हटल्यावरच तो थांबतो.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या हातून घडलेल्या चुकीकडे वळूं. शेवटचें ओसाड घर भरलें गेल्यावर त्याची पाळी आली. डावीकडे त्याच्या मुलखांत, पांचव्या व सहाव्या ओळींत, दुसऱ्या घरांवर दोन पांढऱ्या सोंगट्या अडकून पडल्या होत्या. त्यांच्या वर, खालीं आणि उजवीकडे काळ्या सोंगट्या होत्या. डाव्या कडेचीं दोन घरें तेवढीं मोकळीं होतीं. मुलाला वाटलें कीं, शत्रु घरांत असेपर्यंत मोजणी कशी करावयाची? त्यानें पांचव्या ओळींतील पहिलें घर भरलें. पांढऱ्यानें शांतपणें 'पास' म्हटलें. त्यानें सहाव्या ओळींतील पहिलें घर भरून दोन्ही सोंगट्या उचलल्या. पांढऱ्यानें पुन्हां 'पास' म्हटलें. मुलगा संतुष्ट झाला. पण त्या दोन खेळ्यांत त्यानें आपल्याच मुलखांतील दोन घरें बुजविलीं होतीं, आणि जे दोन कैदी त्याला मिळाले ते न खेळतांही मिळणारच होते.

कारण जपानी पद्धतीचा नियम असा आहे कीं, डाव थांबल्यावर ज्या सोंगट्यांना पकडणें टळूं शकत नाहीं त्या मेलेल्या समजाव्या, आणि त्या प्रत्यक्ष न मारतां पटावरून उचलून कैद्यांत टाकाव्या. मेलेल्या सोंगटीचे गुण दोन पडतात: एक कैद्याचा, आणि एक ती उठल्यावर मोकळ्या झालेल्या घराचा. तिला उगाच मारूं गेल्यास आपल्या प्रत्येक जादा सोंगटीमागें एक घर बुजतें. अर्थात् आपल्या प्रत्येक खेळीला प्रतिपक्ष्यानें स्वतःच्या मुलखांत सोंगटी ठेवून उत्तर दिलें, तर दोघांचेंही सारखेंच बुजतें व फरक पडत नाहीं. पण जाणता प्रतिपक्षी उत्तर देत नाहीं. तो 'पास' म्हणतो.

मग सोंगटी मेली आहे हें कसें ओळखावें? मनांत असा प्रश्न करावा: मारणाऱ्यानें प्रथम चाल केली व समोरच्यानें शक्य तितका उत्तम बचाव केला, तरी ती पकडली जाते काय? आमच्या उदाहरणांत काळ्यानें पांचव्या ओळींतील पहिलें घर घेतलें तर पांढरा सहाव्या ओळींतील पहिल्या घरांत वाढूं शकेल. पण मग काळ्यानें सातव्या ओळींतील पहिलें घर घेतांच तीनही सोंगट्या पडतात. इतकेंच नव्हे, पांढऱ्यानें प्रथम चाल केली तरी त्याची सुटका नाहीं: तो कडेवर ज्या बाजूस वाढेल त्या बाजूचें पुढचें घर काळ्यानें बंद केलें कीं झालें. म्हणून या दोन सोंगट्या मेलेल्याच. त्याचप्रमाणें उजवीकडे चौथ्या ओळींत, आठव्या घरावर, तीन बाजूंनीं वेढलेली जी एकटी काळी सोंगटी आहे तीही मेलेलीच आहे. ती पांढऱ्याची कैदी होय.

कधींकधीं दोन्ही पक्षांच्या सोंगट्या एकमेकींना अशा धरून बसतात कीं, जो प्रथम हात घालील तोच मरेल. या स्थितीला 'सेकी' म्हणतात. तेथील सोंगट्या दोन्हीकडच्या जिवंत मानाव्या, पण त्यांनीं वेढलेलीं घरें जपानी नियमाप्रमाणें मोजूं नयेत. आमच्या डावांत असें कांहीं नव्हतें.

दोघांचें एकमत न झालें तर काय करावें? प्रथम, पटावरील एकही सोंगटी उचलूं नये. नव्या खेळाडूंचा हात येथें फार लवकर चालतो. एकदां सोंगट्या उचलल्या म्हणजे स्थिति काय होती याविषयींच वाद सुरू होतो व पंचालाही उपाय राहत नाहीं. पट जसाच्या तसा ठेवून, वादांतील सोंगट्या बोटानें दाखवाव्या आणि प्रतिपक्ष्यानें आपला बचाव सांगावा. सांगून न पटलें तर घड्याळ थांबवून पंचास बोलवावें. सोंगट्या खेळून पाहावयाच्या असतील तर त्या केवळ परीक्षेपुरत्या आहेत हें दोघांनीं मान्य करावें आणि परीक्षा झाल्यावर पट पूर्ववत् मांडावा. त्या परीक्षेंत बुजलेल्या घरांचें नुकसान कोणासही होत नाहीं. याहून निराळी गोष्ट म्हणजे डाव पुन्हां सुरू करण्याची मागणी. तीही करतां येते. परंतु १९८९ च्या जपानी नियमांप्रमाणें जो ही मागणी करतो त्याच्या प्रतिपक्ष्याला पहिली चाल मिळते. तेव्हां आपली राहिलेली फट दिसली म्हणून घाईनें ही मागणी करणें म्हणजे शत्रूलाच ती फट दाखविणें होय.

आतां आमच्या विद्यार्थ्यानें त्या दोन वृथा खेळ्या न करतां 'पास' म्हटलें असतें, व पांढऱ्यानेंही 'पास' म्हटलें असतें, अशी कल्पना करून मोजणी करूं.

प्रथम दोघांच्या संमतीनें मेलेल्या सोंगट्या उचलाव्या. काळ्यापाशीं आधींचे ३ कैदी होते. त्यांत २ पडून ५ झाले. पांढऱ्यापाशीं २ होते. त्यांत १ पडून ३ झाले. काळ्याच्या मुलखांतील घरें ओळीनें मोजलीं तर ३, २, २, २, ३, ३, ३, ३ आणि ५ अशीं भरतात, म्हणजे एकंदर २६. पांढऱ्याचीं ३, ३, २, २, २, ३, २, २ आणि २, म्हणजे एकंदर २१.

यानंतर बेरीज करीत बसण्याऐवजीं जपानी खेळाडू एक सुरेख युक्ति करतात. पकडलेले कैदी ते त्यांच्याच रंगाच्या मुलखांत परत बसवितात. कैद्याचा एक गुण आपल्याला मिळविणें आणि प्रतिपक्ष्याचें एक घर बुजविणें, यांनीं दोघांतील अंतर सारखेंच पडतें. म्हणून काळ्यापाशीं असलेल्या ५ पांढऱ्या सोंगट्या पांढऱ्याच्या मुलखांत ठेवल्या: २१ मधून ५ गेले, राहिले १६. पांढऱ्यापाशीं असलेल्या ३ काळ्या सोंगट्या काळ्याच्या मुलखांत ठेवल्या: २६ मधून ३ गेले, राहिले २३. मग मुलखाच्या सीमा न मोडतां आंतील सोंगट्या सरकवून, मोठ्या पटावर दहा-दहा घरांचे चौकोन करतात, म्हणजे एका दृष्टिक्षेपांत आंकडा कळतो. या कामांत एक रीत विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. काळ्याचा मुलूख पांढरा लावतो व पांढऱ्याचा काळा लावतो. आपलें धन मोजावयाचें तें दुसऱ्याच्या हातानें, अशी ही व्यवस्था आहे. आपण लावीत असलेल्या दुसऱ्याच्या मुलखांत एखादें घर नजरचुकीनें बुजलें, तर तें आपल्या फायद्याचें असलें तरी तत्काळ बोलून दाखविलें पाहिजे. कारण दोघांनीं मान्य करून निकालपत्रावर लिहिलेला आंकडा मागून सहसा बदलत नाहीं.

अंतर आतां ७ घरांचें दिसतें. परंतु निकाल अजून लागलेला नाहीं, कारण कोमी राहिली आहे. गोंत पहिली चाल काळ्याची असते व तिचा लाभ डावाच्या अखेरपर्यंत पुरतो. त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला जे ठराविक गुण देतात त्यांस 'कोमी' म्हणतात. जुन्या काळीं जपानांत कोमी नव्हती. १९३९ मध्यें सुरू झालेल्या पहिल्या होनिन्बो स्पर्धेंत ती ४ गुणांची होती. पुढें हळूहळू वाढत जाऊन आतां तेथील स्पर्धांत ती साडेसहा झाली आहे. अर्धा गुण पटावर कोठेंच मिळत नाहीं. तो मुद्दाम ठेवला आहे, म्हणजे डाव बरोबरींत सुटत नाहीं. कोमी नेहमीं पांढऱ्याच्याच बाजूस, एकदांच, आणि सर्व मोजणी झाल्यावर मिळवावी. समान खेळाडूंच्या डावांतच ती पूर्ण असते. काळ्याला आधींच जादा सोंगट्या मांडून दिलेल्या असतील तर कोमी बहुधा अर्ध्या गुणावर येते. ती किती हें बसण्यापूर्वींच विचारून निकालपत्राच्या कोपऱ्यांत लिहून ठेवावें.

या डावांत कोमी साडेसहा होती. पांढऱ्याचे १६ व साडेसहा मिळून साडेबावीस, काळ्याचे २३. म्हणजे काळा अर्ध्या गुणानें जिंकतो.

आणि प्रत्यक्षांत काय झालें? काळ्यानें दोन घरें आपल्या हातानें बुजविल्यामुळें त्याचे २६ चे २४ झाले. त्यांत ३ कैदी परत बसल्यावर २१ राहिले. पांढऱ्याचे तेच साडेबावीस. काळा दीड गुणानें हरला. मुलाच्या वहींत शेवटीं जो आंकडा होता तो हाच.

हा हिशेब चुकला नाहीं याची एक परीक्षा आहे. ओसाड घरें भरून होऊन पांढऱ्यानेंच शेवटची सोंगटी ठेवलेली असली, म्हणजे दोघांनीं सारख्याच सोंगट्या खेळलेल्या असल्या, व पटावर सेकी नसली, तर चिनी पद्धतीनें निघणारें अंतर तेंच आलें पाहिजे. त्या दोन वृथा खेळ्या वगळून पाहिल्यास पटावर १८ काळ्या व १६ पांढऱ्या जिवंत सोंगट्या राहतात. १८ व २६ मिळून ४४. १६ व २१ मिळून ३७. अंतर ७ च. दोन्ही पक्षांची बेरीज ८१, म्हणजे नऊ रेघांच्या पटावरील सर्व घरें. घरीं सराव करतांना ही पडताळणी अवश्य करावी. अंतरांत फरक आला तर बहुधा एखादा कैदी हरवलेला असतो किंवा मेलेली सोंगटी उचलावयाची राहिलेली असते.

आमच्या विद्यार्थ्यानें हें सर्व ऐकून घेतलें व मग विचारलें, "सर, समोरच्या मुलाला हें ठाऊक होतें. त्यानें मला कां सांगितलें नाहीं?" आम्ही त्याला म्हणालों कीं, डाव चालू असतांना प्रतिपक्ष्याला त्याच्या खेळीचा दोष सांगणें हें खेळाडूचें काम नव्हे, 'पास' म्हणण्यांत त्या मुलानें कांहीं गैर केलें नाहीं. परंतु दोघांनीं 'पास' म्हटल्यावर तोच मुलगा तुझा मुलूख स्वतःच्या हातानें लावीत होता आणि तुझे २१ त्यानें २१ च मोजले. मुलानें वही पुन्हां पाहिली, थोडा वेळ गप्प राहिला, आणि पटावरील सोंगट्या डब्यांत भरूं लागला. पांढऱ्या एका डब्यांत, काळ्या दुसऱ्या डब्यांत. आणि या खेपेस त्यानें झांकणांतले कैदी आधीं मोजून घेतले.